साठ की एकसष्ट? तिसऱ्या शिक्षकाचा नियम, बँडविड्थचा निर्णय आणि एका धोरणनिबंधाचे प्रकरण

हे प्रकरण बेळगाव परिसरातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांचे आहे. शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून वर्षे सांगितलेली नाहीत आणि आकडे बदललेले आहेत. युक्तिवाद समजावा एवढ्यापुरतेच ते आहेत, सीमाभागाची आकडेवारी म्हणून ते कुणी पुढे वापरू नयेत. कायद्यातले आकडे मात्र खरे आहेत.

## पार्श्वभूमी

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्येचा तक्ता आहे. पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असेल तर तीन, ९१ ते १२० असेल तर चार. म्हणजे ६० मुलांची शाळा आणि ६१ मुलांची शाळा यांत एका मुलाचा फरक, पण कागदावर एका शिक्षकाचा. दोन शिक्षकांत पाच इयत्ता सांभाळायच्या म्हटल्यावर चौथी-पाचवी एकाच खोलीत बसतात. तिसरा शिक्षक आला की बहुधा पहिल्यांदा हीच जोडी सुटते.

अभ्यासगट लहान होता. निबंधाची मुख्य लेखिका शिक्षणशास्त्राची, एक निवृत्त मुख्याध्यापक (सगळे त्यांना गुरुजी म्हणत), आणि आकडेवारीच्या बाजूने मी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ४०४ शाळांचा पट आणि शिक्षकसंख्या हाताशी होती. पाचवीच्या मुलांची मराठी वाचन आणि अंकगणिताची ४० गुणांची चाचणी गटानेच घेतली होती, आणि तशीच चाचणी त्याआधीच्या वर्षाच्या पाचवीचीही झालेली होती. निबंध एका समितीपुढे जायचा होता. समितीचा प्रश्न सरळ होता: तिसऱ्या शिक्षकाने शिकण्यात फरक पडतो का?

तीन शिक्षकांच्या शाळा आणि दोन शिक्षकांच्या शाळा नुसत्या शेजारी ठेवून हे कळत नाही. तीन शिक्षकांची शाळा मोठ्या गावात, बसच्या रस्त्यावर असते, तिथले पालक वेगळे असतात. उलट ६० च्या अगदी अलीकडच्या आणि अगदी पलीकडच्या शाळा इतर बाबतींत सारख्याच असाव्यात, कारण गावात त्या वर्षी एक मूल जास्त की कमी हा योगायोग आहे. मग रेषेवर गुणांमध्ये उडी दिसली तर ती नियमामुळे, असे म्हणता येते. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये शिष्यवृत्तीच्या कटऑफवर हाच विचार मांडला. त्यालाच रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात, पुढे नुसते आरडी म्हणतो.

## अडचण

लेखिकेच्या पहिल्या मसुद्यात आरडी होते, पण सगळ्या ४०४ शाळांवर दोन्ही बाजूंना त्रिघाती वक्र बसवून. उडी ३.८ गुणांची आली, शेजारी सांख्यिकीय महत्त्व दाखवणारे तारे होते, आणि निष्कर्ष असा लिहिला होता: "तिसरा शिक्षक दिल्यास सीमाभागातील मराठी शाळांतील मुलांची प्रगती लक्षणीयरीत्या सुधारते."

या एका वाक्यात दोन वेगळ्या अडचणी होत्या. एक म्हणजे ३.८ हा आकडा कुठल्या शाळांच्या जोरावर आला. रेषेवरची उडी मोजायची तर ६० जवळच्या शाळांनी बोलायला हवे. सगळीकडून ओढून बसवलेला वक्र मात्र १२ मुलांच्या जंगलातल्या शाळेला आणि १४० मुलांच्या बाजारगावातल्या शाळेलाही रेषेवरच्या किमतीत मत देतो. वक्राचा घात वाढवला की हे मत आणखी लहरी होते, म्हणजे लांबच्या दोन-चार शाळा बदलल्या की रेषेवरची उडी हलते. गेलमन आणि इम्बेन्स यांनी आरडीत मोठ्या घाताचे वक्र वापरू नका असे सांगितले ते याच कारणाने. आम्ही घात तीनवरून चार केला तर ३.८ चे २.१ झाले. शाळा त्याच होत्या.

दुसरी अडचण "सीमाभागातील मराठी शाळा" या शब्दांत होती. तिच्याकडे पुढे येतो.

## पट कुणाच्या हातात?

रेषेभोवतीच्या किती शाळा घ्यायच्या, म्हणजे बँडविड्थ किती, हे ठरवण्याआधी एक गोष्ट निकाली काढावी लागली, आणि ती आम्हाला संगणकाने नव्हे तर गुरुजींनी दाखवली. हाताशी दोन वर्षांचे पट होते आणि लेखिकेने ते एकत्र केले होते. स्तंभालेख बघून गुरुजी म्हणाले, "अवो मॅडम, साठला एक कमी पडतंय म्हटल्यावर कुठला हेडमास्तर गप्प बसंल? एक पोरगं मिळवतोयच की."

पोरगं मिळवायच्या वाटाही त्यांनी सांगितल्या. अंगणवाडीतले मूल सहा महिने आधी पहिलीत घ्यायचे. खासगी इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाचे नाव कमी करायचे लांबवायचे. निपाणीकडे आणखी एक वाट होती: मूल कागल बाजूच्या आजोळी शिकते, पण नाव इकडे राहते. कर्नाटकाची नोंद सॅट्समध्ये, महाराष्ट्राची सरलमध्ये, दोन्ही प्रणाली वेगळ्या. गुरुजींच्या मते अशी दुहेरी नावे पकडायला कुणीतरी मुद्दाम शोधावे लागते.

आरडीचा सगळा डोलारा "६० की ६१ हा योगायोग" यावर उभा आहे. धडपड्या मुख्याध्यापकाची शाळा ६१ वर सरकत असेल तर रेषेपलीकडे आपोआप धडपडे मुख्याध्यापक गोळा होतात, आणि त्यांची मुले तिसऱ्या शिक्षकाशिवायही बरी शिकली असती.

दोन वर्षे वेगळी करून पाहिली. पहिल्या वर्षी ५८ ते ६० पटाच्या १२ शाळा होत्या आणि ६१ ते ६३ च्या ९. एकूण पट वाढेल तशा शाळा विरळ होत जातात, तेव्हा हे सरळ उतरते चित्र आहे. दुसऱ्या वर्षी हेच आकडे ४ आणि १८ झाले. मधल्या काळात हेच्चुवरी, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांच्या फेरवाटपाची चर्चा सुरू झाली होती आणि साठचा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला होता. रेषेवर शाळांच्या संख्येत अचानक खंड पडतो का हे बघणारी घनतेची चाचणी दुसऱ्या वर्षी साफ नापास झाली, पहिल्या वर्षी काही संशयास्पद निघाले नाही.

इथे तीन वाटा होत्या. रेषेलगतचे ५९ ते ६२ असे पट गाळून उरलेल्यांवर काम करायचे. याला डोनट म्हणतात, पण त्यात नेमका रेषेजवळचा पुरावा टाकून लांबून अंदाज बांधावा लागतो. किंवा खऱ्या पटाऐवजी आदल्या वर्षीच्या पहिली-ते-चौथीवरून अपेक्षित पट काढून तो वापरायचा. पण अपेक्षित पट ६१ झाला म्हणून शिक्षक मिळत नाही, त्यामुळे उडीच फिकी होते. तिसरी वाट म्हणजे दुसरे वर्ष सोडून द्यायचे. आम्ही तिसरी निवडली. पहिल्या वर्षीचा पट, त्यावरून पुढच्या जूनमध्ये झालेल्या नेमणुका, आणि त्या शैक्षणिक वर्षाच्या फेब्रुवारीत झालेली चाचणी, एवढाच धागा ठेवला. लेखिकेला निम्मी माहिती टाकणे जड गेले, आणि त्याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागली. पण ज्या वर्षी पट हाताने हलवलेला दिसतो, त्या वर्षीच्या शाळा वाढवून अचूकता येत नाही, नुसती तशी वाटते.

## बँडविड्थचे पर्याय

रेषेच्या दोन्ही बाजूंना किती पटापर्यंतच्या शाळा घ्यायच्या, ती रुंदी म्हणजे बँडविड्थ. अरुंद घेतली तर शाळा खरोखर सारख्या असतात पण थोड्या असतात, त्यामुळे उत्तर डळमळते. रुंद घेतली तर शाळा भरपूर, उत्तर स्थिर, पण ते चुकीच्या जागी स्थिर असू शकते. ही ओढाताण टाळता येत नाही. कुठे थांबायचे, आणि ते कुणी ठरवायचे, हा खरा प्रश्न.

लेखिकेचा कल ±३० कडे होता, आणि तिचे कारण अगदी वाऱ्यावरचे नव्हते. वर ९० ला पुढची रेषा आहे, तिथे चौथा शिक्षक येतो, म्हणून ९० च्या पलीकडे जायचे नाही. अलीकडेही तेवढेच, म्हणजे ३१ पासून. यात डावीकडे १७० आणि उजवीकडे ७५ शाळा येत होत्या आणि उडी ३.३ गुणांची, ९५ टक्के विश्वासाचे अंतर १.० ते ५.६. शून्य बाहेर. समितीला द्यायला असे उत्तर कुणालाही आवडेल.

मी एवढेच विचारले, की ९० ची रेषा कमाल मर्यादा सांगते, पण त्या मर्यादेपर्यंत जायलाच हवे असे कुठे सांगते? मग ३१ ते ६० मधल्या शाळांचे गुण पाच-पाच पटांचे गट करून काढले. ३१ पासून ४७-४८ पर्यंत गुण उतरत जातात: दोनच शिक्षक, मुले वाढत चाललेली, हे समजण्यासारखे आहे. त्यानंतर मात्र उतार थांबतो आणि रेषा जवळजवळ सपाट होते. नावे वाचल्यावर कारणही दिसले. ३० ते ४० च्या पट्ट्यात खानापूरच्या आतल्या गावांचा भरणा होता, पन्नाशीपुढे बेळगाव आणि निपाणीच्या रस्त्यालगतची गावे सुरू होत होती. तिथे शिक्षकावरचा भार वाढतो, पण घरून मिळणारी मदतही वाढते.

आता अशा वाकलेल्या चित्रावर ३१ पासून ६० पर्यंत एकच सरळ रेषा ओढली तर ती सुरुवातीचा उतार पुढेही चालू ठेवते आणि ६० ला खऱ्या गुणांच्या खाली पोचते. उजवीकडची रेषा आपल्या जागी असते. दोघींमधले अंतर फुगते, आणि ते फुगलेले अंतर आपण तिसऱ्या शिक्षकाच्या नावावर मांडतो. ±३० च्या ३.३ मध्ये किती शिक्षक आणि किती खानापूरचा भूगोल, हे वेगळे काढायला मार्ग नव्हता.

दुसरी सूचना ±१० ची आली, "गोल आकडा आहे" म्हणून. गोल आकड्याला विरोध नाही, पण तो निकाल बघून निवडलेला नाही हे वाचकाला कसे पटवायचे? अभ्यासकाने पाच रुंद्या करून पाहिल्या आणि बरी दिसलेली छापली, ही शंका आरडीच्या प्रत्येक निबंधावर असते. म्हणून रुंदी माहितीवरून, ठरलेल्या सूत्राने काढायची आणि ती मान्य करायची, असे ठरले.

## काय केले

सूत्राने निवडलेली रुंदी साधारण अशी असते की रेषेवरच्या अंदाजातला कल (म्हणजे वक्रतेमुळे होणारी चूक) आणि त्याचा डळमळीतपणा यांची वर्गबेरीज सर्वांत कमी व्हावी. आतल्या शाळांवर सरळ रेषाच बसवायची, आणि रेषेजवळच्या शाळेला जास्त वजन, लांबच्या शाळेला कमी. आर मधली आज्ञा अशी होती:

```r
library(rdrobust)
x <- d$pat - 60.5
rdrobust(y = d$gun, x = x, c = 0, p = 1,
         kernel = "triangular", bwselect = "mserd",
         masspoints = "adjust", covs = d$magil_gun)
```

कटऑफ ६०.५ ठेवला म्हणजे ६० आणि ६१ दोघेही रेषेपासून सारख्याच अंतरावर येतात. `magil_gun` हे त्याच शाळेच्या आदल्या वर्षीच्या पाचवीचे गुण आहेत. ते नेमणुकांच्या आधीचे असल्यामुळे घेता येतात, आणि त्यांनी उत्तराचा डळमळीतपणा बराच कमी होतो. तिसऱ्या शिक्षकानंतर बदलू शकणारी कोणतीही गोष्ट, समजा चाचणीच्या वर्षातली मुलांची हजेरी, तिथे घालायची नाही.

दोन्ही वर्षे एकत्र असताना सूत्राने १०.६ रुंदी दिली होती. एकच वर्ष ठेवल्यावर ती १३.८ झाली. माहिती कमी झाली की सूत्र थोडा कल पत्करून रुंदी वाढवते, ही ती मोजलेली किंमत. १३.८ मध्ये ४७ ते ७४ पटाच्या शाळा येतात: डावीकडे ५८, उजवीकडे ४३. उडी २.४ गुणांची आली.

या २.४ भोवतीचे अंतर कसे काढायचे यावर एक अख्खी दुपार गेली. नेहमीचे प्रमाण-त्रुटीचे अंतर इथे चालत नाही, आणि कारण सूत्राच्याच पोटात आहे. ते कल आणि डळमळीतपणा यांचा समतोल साधते, म्हणजे थोडा कल मुद्दाम आत ठेवते. नेहमीचे अंतर कल नाहीच असे धरून चालते, त्यामुळे त्याचे केंद्र सरकलेले आणि रुंदी अपुरी असते. कॅलोनिको, काटानिओ आणि टिटियुनिक यांची २०१४ ची पद्धत आधी कलाचा अंदाज घेऊन तो वजा करते, आणि त्या अंदाजाची स्वतःची अनिश्चितता अंतरात मिळवते. `rdrobust` च्या उत्तरात "Robust" ही ओळ असते ती हीच. आमच्या बाबतीत ते अंतर −१.३ ते ६.३ आले. शून्य आत.

पट पूर्णांकात असतो, त्यामुळे १३.८ च्या आत प्रत्येक बाजूला फक्त १४ वेगळे आकडे आहेत. अशा वेळी पटाच्या आकड्यानुसार गट करून त्रुटी काढायची, असा सल्ला जुन्या लेखांत दिसतो. कोलेसार आणि रोथे यांनी २०१८ मध्ये दाखवले की गट थोडे असताना हा उपाय अंतरे उलट अरुंद करतो. आम्ही तो वापरला नाही. वापरला असता तर शून्य बहुतेक बाहेर गेले असते, म्हणून हे निबंधात एका ओळीत सांगून टाकले. नाहीतर एखादा जाणता परीक्षक ते करून बघतो आणि आपण लपवले असे समजतो.

पुढचा पेच शिक्षकाचा. नियम ६१ ला तीन म्हणतो, पण रेषेच्या उजवीकडे ८२ टक्के शाळांतच तिसरा शिक्षक प्रत्यक्ष होता (अतिथी शिक्षक धरून), आणि डावीकडेही ३० टक्क्यांत होता, कारण जुने पद हललेले नव्हते किंवा एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीने, खटपट करून अतिथी शिक्षक मिळवला होता. म्हणजे रेषा ओलांडल्याने तिसरा शिक्षक असण्याची शक्यता ०.५२ ने वाढते, १ ने नाही. अशा ठिकाणी गुणांची उडी शिक्षकाच्या उडीने भागतात: २.४ भागिले ०.५२, सुमारे ४.६ गुण. लेखिकेला हा आकडा मथळ्यात हवा होता, आणि का हवा होता ते कळते, कारण समितीचा प्रश्न नियमाविषयी नव्हता, शिक्षकाविषयी होता.

पण भागाकाराचा छेदच डळमळीत होता. शिक्षकाच्या उडीची प्रमाण-त्रुटी ०.१८५, त्यामुळे उडीला त्रुटीने भागून केलेला वर्ग, म्हणजे एफ, आठच्या आसपास. दहाच्या खाली गेले की अशा भागाकाराचे अंतर विश्वासाचे राहत नाही असे साधारण मानतात, आणि हल्लीचे अभ्यासक तर दहालाही कमीच म्हणतात. म्हणून मुख्य निकाल नियमाच्या परिणामाचा ठेवला: ६१ व्या मुलामुळे तिसऱ्या शिक्षकाचा हक्क मिळाला, तर पाचवीचे गुण किती हलले. ४.६ मजकुरात आला, पण एफ शेजारी लिहून आणि सारांशाबाहेर.

शेवटी एक आलेख. आडव्या अक्षावर ६ ते ३० पर्यंतची रुंदी, उभ्या अक्षावर उडी आणि तिचे अंतर. ७ ला १.९, १४ ला २.४, ३० ला ३.३: रुंदी वाढते तशी उडी चढते आणि अंतर आवळते. हा आलेख परिशिष्टात टाकावा असे आधी ठरले होते. तो मुख्य मजकुरात यावा म्हणून मी भांडलो. उडी रुंदीबरोबर एकाच दिशेने चढत असेल तर ती वक्रतेची खूण आहे, आणि ±३० चे तारे का नाकारले हे वाचकाला त्या एका चित्रात दिसते. ५० आणि ७० अशा खोट्या रेषांवरही उडी शोधली, मिळाली नाही. त्याला दोन ओळी पुरल्या.

## "स्थानिक" हा शब्द कुठे लिहायचा

आता ती दुसरी अडचण. आरडी रेषेवरचा परिणाम सांगते, रेषेपासून लांबचा नाही. पद्धतीच्या प्रकरणात हे सगळेच लिहितात आणि शिफारशींच्या प्रकरणात विसरतात. मसुद्याची शिफारस होती की तिसऱ्या शिक्षकाची मर्यादा ६० वरून ४० वर आणावी. ४० कुठून आले असे विचारल्यावर कळले की चर्चेत कुणीतरी १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेचा हवाला दिला होता: शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय. तो नियम भाषेचा शिक्षक मिळावा यासाठीचा आहे, किती शिक्षक मिळावेत याच्याशी त्याचा संबंध नाही.

आमच्या अंदाजाचे ४० शी त्याहून कमी नाते होते. ४० पट असलेली एकही शाळा मुख्य हिशेबात नव्हती. ४०४ पैकी १०१ शाळा बँडविड्थच्या आत, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा, आणि २४० शाळा ४७ च्या खाली. सीमाभागात ज्या मराठी शाळांची काळजी सर्वांत जास्त केली जाते त्या याच २४० मध्ये आहेत. त्यांच्याविषयी हा अभ्यास काही सांगत नाही. तिथे तिसरा शिक्षक जास्त उपयोगी पडेल (पाचही इयत्ता जवळजवळ एकत्रच बसतात म्हणून) की कमी (मुले मुळातच थोडी म्हणून), दोन्हीकडे युक्तिवाद आहे, पुरावा नाही.

लेखिकेचा आक्षेप रास्त होता: "सर, मग समितीला काय सांगायचं? साठच्या शाळांपुरतंच बघा म्हणून?" गुरुजींनी त्यावर वेगळाच मुद्दा काढला. ज्या शाळा आज ५५ ते ६५ मध्ये आहेत त्यांचा पट दरवर्षी उतरतो आहे. रेषा ओलांडून खाली आल्या की त्यांचा तिसरा शिक्षक जातो. त्या शाळांपुरता प्रश्न धोरणाचाच आहे, आणि त्याला आमचा अंदाज थेट लागू होतो.

म्हणून शेवटी सारांशातले वाक्य असे झाले: "हजेरीपटावर साधारण ६० मुले असलेल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांत, नियमाने तिसऱ्या शिक्षकाचा हक्क मिळाल्याने पाचवीच्या ४० गुणांच्या चाचणीत सरासरी २.४ गुणांची वाढ दिसते. उपलब्ध माहितीशी १.३ गुणांच्या घटीपासून ६.३ गुणांच्या वाढीपर्यंतचे परिणाम सुसंगत आहेत. ४७ पेक्षा कमी पटाच्या शाळांविषयी हा अभ्यास निष्कर्ष काढत नाही." शेवटचे वाक्य तळटीपेत नको, सारांशातच हवे, यावर एकमत व्हायला वेळ लागला.

मर्यादा ४० वर आणण्याची शिफारस निघाली. त्याऐवजी दोन मागण्या गेल्या: पट ६० च्या खाली घसरल्यावर तिसरा शिक्षक लगेच न काढता दोन वर्षे ठेवावा, आणि ४७ च्या खालच्या शाळांत वेगळा अभ्यास व्हावा. पहिल्या मागणीतही तर्काची थोडी उडी आहेच. आमचा अंदाज शिक्षक मिळण्याचा आहे आणि मागणी शिक्षक न जाण्याची आहे. दोन्ही परिणाम सारखे असतात असे आम्ही गृहीत धरले आणि तसे लिहिले.

## परिणाम

समितीतल्या चर्चेत अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आला तो "म्हणजे फरक पडतो की नाही?" लेखिकेने अंतर वाचून दाखवले आणि सांगितले की मोठे नुकसान होत नाही एवढे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते, मोठा फायदा नाकारता येत नाही, आणि मधल्या २.४ वर पैज लावावी इतका पुरावा नाही. एका सदस्याने ±३० चा निकाल पाहून "हा का घेतला नाही?" असे विचारले. तेव्हा तो आलेख कामाला आला: खानापूरच्या शाळा आत आल्या की उडी वाढते, हे दाखवायला दोन मिनिटे पुरली. दोन वर्षे शिक्षक न काढण्याची मागणी पुढे विचारार्थ गेली. वेगळ्या अभ्यासाची मागणी इतिवृत्तात आली आहे.

एका परीक्षकाचा शेरा मात्र कडक होता, आणि योग्य होता. एवढ्या शाळांत हा आराखडा पाच-साडेपाच गुणांपेक्षा लहान उडी पकडूच शकत नव्हता, मग "फरक सिद्ध झाला नाही" या निकालाला किती वजन द्यायचे? सुधारित प्रतीत तो आकडा निकालाच्या लगेच वर लिहिला.

## वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा बदल शाळांच्या निवडीत करता आला असता. शिक्षकसंख्येचा तक्ता माध्यम बघत नाही. त्याच तालुक्यांतल्या कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या सरकारी शाळांनाही ६० ची तीच रेषा लागू आहे. वाचनाची चाचणी तिथे वेगळी लागली असती, पण अंकगणिताची तीच, भाषांतर करून, चालली असती. मग बँडविड्थच्या आत कितीतरी पटींनी जास्त शाळा आल्या असत्या, रुंदी आठ-नऊपर्यंत खाली आली असती, आणि मराठी शाळांची उडी इतरांपेक्षा वेगळी आहे का हेही विचारता आले असते. निबंध "मराठी शाळांचा" आहे म्हणून माहितीही तेवढीच गोळा झाली. बिदरकडच्या औराद, भालकी भागातल्या मराठी शाळाही याच राज्याच्या याच नियमाखाली येतात, त्याही घेता आल्या असत्या.

दुसरे म्हणजे क्रम. रुंदी सूत्राने काढू, सूत्र कोणते, अंतर कोणते, पट हलवलेला दिसला तर कोणते वर्ष गाळू, हे गुणांची फाईल उघडण्याआधी कागदावर लिहून तारीख टाकली असती तर ±३० वरची चर्चा निम्मी झाली असती. पट आणि शिक्षकसंख्या आधी हाती होती, गुण नंतर आले. एवढ्यावर स्तंभालेख, घनतेची चाचणी आणि शिक्षकाची उडी, सगळे गुण न बघता तपासता येते. एफ आठ येणार आहे हेही तेव्हाच कळते, आणि मग चाचणी किती शाळांत घ्यायची ते त्यावरून ठरवता येते.

अतिथी शिक्षकांचा हिशेब अजून खटकतो. आम्ही त्यांना पूर्ण शिक्षक धरले. पण जूनमध्ये शाळा सुरू होते आणि अतिथी शिक्षक येईपर्यंत काही शाळांत ऑगस्ट उजाडतो. तिसरा शिक्षक "होता की नाही" याऐवजी "किती महिने होता" असे विचारले असते, तर रेषेवरची शिक्षकाची उडी बहुधा जास्त नीट दिसली असती. ती माहिती शाळेच्या हजेरी रजिस्टरमध्ये आहे, सॅट्सच्या फाईलमध्ये आमच्यापर्यंत आली नव्हती. ती मिळवायची तर सीआरपींना, म्हणजे शाळासमूहाच्या साधन व्यक्तींना, सोबत घेऊन बँडविड्थच्या आतल्या १०१ शाळांत जावे लागेल, सगळ्या ४०४ मध्ये नाही.